रेझ्युमेला हात लावण्याआधी जाहिरात तपासताना

सॉफ्टवेअर टेस्टिंगमधील नोकरी बदलायचे ठरवल्यावर पहिली अडचण आली ती वेळेची. पुण्यात राहून, चालू नोकरीचे तास सांभाळून, एका जाहिरातीसाठी रेझ्युमे नीट जुळवून घ्यायचा म्हणजे माझी अख्खी संध्याकाळ जात असे. कोणते प्रकल्प वर आणायचे, कोणत्या टूलचा उल्लेख आधी करायचा, जाहिरातीतल्या अपेक्षांपैकी कशाला आपल्याकडे खरा पुरावा आहे आणि कशाला नाही, हे ठरवल्याशिवाय नुसते शब्द इकडचे तिकडे करण्यात काही अर्थ नसतो. त्यामुळे ज्या जागेसाठी माणूस आधीच ठरलेला आहे, किंवा जी जागा मुळात अस्तित्वातच नाही, तिच्यावर अशी संध्याकाळ घालवणे मला परवडणारे नव्हते. जाहिरातीचा मजकूर वाचण्याआधी जाहिरातच तपासण्याची सवय मी तेव्हा लावून घेतली.

हे कसे करायचे याचा धागा मला एका जुन्या सहकारी मैत्रिणीकडून मिळाला. ती आता एका कंपनीत रिक्रूटर आहे. तिने सांगितले, "अगं, जाहिरात आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे जागा म्हणजे रिक्विझिशन." एखाद्या मॅनेजरला माणूस हवा असला की तो मागणी नोंदवतो, त्या पदाच्या खर्चाला मंजुरी मिळते, मागणीला क्रमांक पडतो आणि मग त्या क्रमांकावर जाहिरात लागते. पण काही जाहिरातींच्या मागे अशी मंजूर जागा नसते. सतत लागणाऱ्या पदांसाठी अर्ज गोळा करून ठेवावेत आणि खरी जागा निघाली की त्या साठ्यातून माणसे उचलावीत, अशी ती सोय असते. वर्कडेसारख्या भरती प्रणालीत तर 'एव्हरग्रीन रिक्विझिशन' हा स्वतंत्र प्रकारच आहे. त्यावर आलेले उमेदवार नंतर खऱ्या रिक्विझिशनकडे वळवले जातात. म्हणजे यात लबाडी असतेच असे नाही. सेवा क्षेत्रातील मोठ्या आयटी कंपन्यांना माणसे कायम लागतात आणि अशा जाहिरातींतूनही लोक नोकरीला लागतात. प्रश्न एवढाच, की ज्या जाहिरातीमागे विशिष्ट मॅनेजर आणि विशिष्ट काम नाही, तिच्यासाठी रेझ्युमे जुळवायचा तरी कशाशी?

सुरुवातीला मी सगळ्यांप्रमाणे तारखेकडे पाहत असे. पोर्टलवर दिसणारी तारीख मात्र जागेची नसून त्या पोर्टलवरच्या प्रतीची असते. लिंक्डइनवर तारखेआधी 'Reposted' असा शब्द दिसला, तर जाहिरात पुन्हा लावली आहे एवढे कळते, पण पहिल्यांदा कधी लावली होती हे त्यावरून कळत नाही. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर कन्सल्टन्सीने तोच मजकूर नव्याने टाकला की तो आजचा दिसतो. म्हणून मी पोर्टल फक्त शोधण्यापुरते वापरू लागले आणि आवडलेली जाहिरात कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर सापडते का, हे आधी पाहू लागले. तिथे ती नसेल तर दोन शक्यता असतात. एक, जागा बंद झाली आहे आणि पोर्टलवर फक्त शिळी प्रत उरली आहे. दुसरी, भरतीचे काम पूर्णपणे कन्सल्टन्सीकडे आहे. दोन्ही बाबतींत रेझ्युमेला हात लावण्याआधी कोणाला तरी विचारणे भाग असते.

करिअर पानावर जाहिरात सापडली की सर्वांत उपयोगी पडतो तो रिक्विझिशनचा क्रमांक. बहुतेक प्रणालींमध्ये हे क्रमांक ओळीने पडत जातात आणि जाहिरात पुन्हा वर आणली तरी मूळ क्रमांक तोच राहतो. एका उदाहरणाने हे सांगते, कारण पुढचे सगळे त्याच उदाहरणावर चालणार आहे. बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीच्या पुणे कार्यालयाच्या दोन जाहिराती मला एकाच आठवड्यात दिसल्या. एक होती 'सॉफ्टवेअर टेस्ट इंजिनियर, विविध स्तर' आणि दुसरी 'सीनियर ऑटोमेशन टेस्टर, पेमेंट्स'. लिंक्डइनवर दोन्ही दोन-तीन दिवसांपूर्वी पुन्हा लावलेल्या दिसत होत्या. करिअर पानावर पहिलीचा क्रमांक होता R-2118 आणि दुसरीचा R-3764. मग मी त्याच पानावरच्या इतर विभागांच्या जाहिराती चाळल्या. त्यांतला सर्वांत मोठा क्रमांक R-3902 होता. म्हणजे दुसरी जाहिरात अलीकडच्या मागण्यांपैकी होती, तर पहिलीनंतर त्या कंपनीत सतराशेहून अधिक मागण्या नोंदल्या गेल्या होत्या. इतकी जुनी जाहिरात 'विविध स्तर' असे शीर्षक घेऊन अजून लागलेली असेल, तर ती साठ्यासाठीच असणार, हे समजायला मजकूर उघडण्याचीही गरज नव्हती.

दुसरीची नेमकी तारीख मात्र हवी होती. नोकरीच्या शोधात जाहिरात दाखवण्यासाठी गूगलला पानाच्या कोडमध्ये ठरावीक स्वरूपात माहिती द्यावी लागते. जाहिरात कधी लागली ही तारीख त्यात आवश्यक असते, तर मुदत कधी संपते ही तारीख मुदत असल्यास द्यायची असते. जाहिरातीच्या पानावर Ctrl+U दाबले की पानाचा कोड उघडतो. त्यात `datePosted` शोधले की असे काहीसे सापडते:

```
"@type": "JobPosting",
"datePosted": "2025-03-11",
"validThrough": "2025-12-31"
```

पेमेंट्सच्या जाहिरातीत ही तारीख साधारण साडेतीन महिन्यांपूर्वीची निघाली. ही माहिती प्रत्येक कंपनी देत नाही आणि काही प्रणाली जाहिरात पुन्हा लावताना हीच तारीख नवी करतात. त्यामुळे ती क्रमांकाशी पडताळून पाहावी लागते. मुदतीची तारीख वर्षअखेरची किंवा त्याहून लांबची असली, तर ती कोणी विचारपूर्वक घातलेली नसून प्रणालीने आपोआप भरलेली असते, असा माझा अनुभव आहे.

ज्या कंपन्या ग्रीनहाउस किंवा लिव्हर या प्रणाली वापरतात, त्यांच्या बाबतीत याहून सोपा मार्ग आहे. त्यांच्या जाहिरातींची यादी कोणालाही ब्राउझरमध्ये कच्च्या स्वरूपात पाहता येते. कंपनीचे नाव जाहिरातीच्या पत्त्यातूनच मिळते आणि ते पुढील पत्त्यांत घालायचे असते:

```
https://boards-api.greenhouse.io/v1/boards/NAME/jobs
https://api.lever.co/v0/postings/NAME?mode=json
```

लिव्हरच्या यादीत `createdAt` म्हणून एक तेरा आकडी संख्या असते. ती १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या मिलिसेकंदांची असते. उदाहरणार्थ, 1719792000000 म्हणजे १ जुलै २०२४. ग्रीनहाउसमध्ये `updated_at` दिसते, पण तिच्यावर विसंबू नये, कारण मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ती तारीख बदलते. तिथे पाहण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. `internal_job_id` या ओळीपुढे आकडा असेल तर जाहिरातीला मागे खरी जागा जोडलेली असते. तिथे `null` असेल तर ती केवळ इच्छुकांची नावे गोळा करण्यासाठी लावलेली जाहिरात असते. मला वाटते, बाहेरच्या माणसाला इतके थेट उत्तर दुसऱ्या कोणत्याही प्रणालीत मिळत नसेल. 'तुमच्यासारखे गुणी लोक आम्हाला नेहमीच हवे असतात' या थाटाच्या काही जाहिरातींवर मी ही ओळ मुद्दाम पडताळून पाहिली आणि तिथे `null` पाहून अजिबात आश्चर्य वाटले नाही.

आता साडेतीन महिन्यांची जाहिरात जुनी म्हणायची का? अनेक जण एक महिना उलटलेली जाहिरात सोडूनच देतात. आपल्याकडे हा नियम लावला तर खऱ्या जागाही हातच्या जातील, असे माझे मत आहे आणि त्याचे कारण आपला नोटीस पीरियड. आयटीत नव्वद दिवसांची नोटीस सर्रास असते. निवड झालेला उमेदवार ऑफर स्वीकारतो, राजीनामा देतो आणि त्या तीन महिन्यांत दुसरीकडून वरचढ ऑफर आली की तिकडे निघून जातो. कंपन्यांना हे पक्के ठाऊक असल्यामुळे माणूस प्रत्यक्ष रुजू होईपर्यंत त्या जाहिरात काढत नाहीत. म्हणून एकच जाहिरात तीन महिने लागलेली दिसते तेव्हा तिच्या दोन अवस्था असू शकतात. जागा भरलेली आहे आणि जाहिरात केवळ सावधगिरी म्हणून ठेवलेली आहे, किंवा ठरलेला माणूस आलाच नाही आणि जागा पुन्हा रिकामी झाली आहे. पहिल्या अवस्थेत रेझ्युमेवर खर्च केलेली संध्याकाळ फुकट जाते. दुसऱ्या अवस्थेत मात्र मॅनेजर आधीच तीन महिने मागे पडलेला असतो आणि त्याला माणूस ताबडतोब हवा असतो. या दोन अवस्थांत तारीख सारखीच दिसते.

फरक दिसतो तो मजकुरात. जाहिरात पुन्हा वर आणताना कोणी तिच्यात हात घातला आहे का, हे मी पाहू लागले. साठ्यासाठी किंवा सावधगिरीसाठी ठेवलेली जाहिरात जशीच्या तशी वर येते, कारण ती वर आणणे हे रिक्रूटरचे एका क्लिकचे काम असते. मॅनेजरने पुन्हा लक्ष घातले असेल तर मात्र मजकूर बदलतो. जुना मजकूर मिळवण्यासाठी जाहिरातीतले एखादे वेगळे वाटणारे वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधायचे. इकडून तिकडून जाहिराती उचलणाऱ्या छोट्या पोर्टलांवर जुनी प्रत बहुतेक वेळा सापडते. पेमेंट्सच्या जाहिरातीची तशी प्रत मला मिळाली आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून मी ओळीओळीने वाचल्या.

जुन्या प्रतीत नोटीस पीरियडबद्दल काहीच नव्हते. नव्या प्रतीत तीस दिवसांच्या आत रुजू होऊ शकणाऱ्यांना प्राधान्य, असे लिहिले होते. जुन्या प्रतीत अपेक्षांच्या यादीत सर्वांत वर जावा आणि सेलेनियम होते. नव्या प्रतीत एपीआय टेस्टिंग वर आले होते आणि सेलेनियम 'असल्यास उत्तम' या गटात गेले होते. दोन बँकांच्या व्यवहारनोंदी जुळवून पाहण्याचा, म्हणजे रिकन्सिलिएशनचा, अनुभव ही ओळ पूर्णपणे नवी होती. एवढे बदल रिक्रूटर आपल्या मनाने करत नाही. कोणीतरी उमेदवारांच्या मुलाखती घेऊन, आपल्याला नेमके काय कमी पडते आहे हे कळल्यावर, ही यादी पुन्हा लिहिली होती. विविध स्तरांच्या जाहिरातीचीही जुनी प्रत मी शोधली. ती शब्दशः तीच होती. शून्य ते बारा वर्षे अनुभव, पाच शहरे, कोणत्याही प्रकल्पाचे किंवा टीमचे नाव नाही आणि टूलची यादी इतकी लांब की कोणत्याही टेस्टरचा रेझ्युमे तीत कुठे ना कुठे बसावा.

जागा आधीच कोणासाठी तरी ठरलेली असण्याची खूण याच्या बरोबर उलट असते. तिथे मजकूर सैल नसून नको इतका घट्ट असतो. कंपनीच्या धोरणानुसार जागा आधी आतल्या लोकांसाठी आणि मग बाहेर जाहीर करावी लागते, पण मॅनेजरने आपल्याच टीममधला माणूस मनात धरलेला असतो. अशा जाहिरातीत कंपनीच्या आतल्या प्रणालींची नावे अपेक्षा म्हणून येतात, जी बाहेरच्या माणसाला माहीत असण्याचे कारणच नसते. किंवा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तीन-चार गोष्टी एकत्र मागितलेल्या असतात. मला आठवते, एका जाहिरातीत वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सचे टेस्टिंग, बी-वन पातळीचे जर्मन, पुरवठादारांच्या ऑडिटचा अनुभव आणि एका विशिष्ट रिपोर्टिंग टूलचे नेमके आवृत्तिक्रमांकासह ज्ञान असे सगळे एकाच पदासाठी मागितले होते. ते वाचताना पदाचे वर्णन न वाटता एखाद्या माणसाची ओळख करून दिल्यासारखे वाटत होते. अर्ज करण्याची मुदत पाच दिवसांची होती. घट्ट मजकूर आणि आखूड मुदत या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की मी ती जाहिरात सोडून देते. एकटीच आखूड मुदत असेल तर सोडत नाही, कारण शनिवारच्या वॉक-इन ड्राइव्हची मुदतही तेवढीच असते आणि तिथे जागा खऱ्या असतात.

अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांना या प्रकाराचे एक कायदेशीर रूप परिचयाचे आहे, कारण त्यांतले बरेच जण त्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेले असतात. ग्रीन कार्डच्या पर्म प्रक्रियेत, एच-वन-बीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची जागा भरायला योग्य अमेरिकी उमेदवार मिळतो का, हे कंपनीला जाहिरात देऊन पाहावे लागते. व्यावसायिक पदांसाठी साधारणपणे रविवारच्या वृत्तपत्रात दोन जाहिराती, राज्याच्या रोजगार कार्यालयाकडे तीस दिवसांची नोंद आणि ठरवून दिलेल्या दहा मार्गांपैकी आणखी तीन, असा त्याचा आराखडा आहे. त्या खुर्चीवर माणूस आधीच काम करत असतो. अशा जाहिराती कंपनीच्या करिअर पानावर नसणे आणि अर्ज टपालाने मागवणे या दोन खुणा इतक्या ठळक होत्या, की अमेरिकेच्या न्याय विभागाने त्यावर आक्षेप घेतले आणि २०२१ मध्ये फेसबुकशी, तर २०२३ मध्ये ॲपलशी समझोते झाले. कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतात तर १ जानेवारी २०२६ पासून, पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना, जाहिरात सध्या रिकाम्या असलेल्या जागेसाठी आहे की नाही हे जाहिरातीतच लिहावे लागते. आपल्याकडे खासगी कंपन्यांवर असे बंधन नसल्यामुळे ही शोधाशोध उमेदवारालाच करावी लागते.

तरीही बाहेरून दिसणाऱ्या खुणा एका हद्दीपर्यंतच नेतात आणि त्यापुढे माणसालाच विचारावे लागते. 'जागा अजून आहे का?' असे विचारले की उत्तर नेहमी 'हो' असेच येते, म्हणून मी तो प्रश्न विचारत नाही. रिक्विझिशन क्रमांक लिहून मी दोनच गोष्टी विचारते: ही जागा नवी आहे की कोणाच्या जागी आहे, आणि मुलाखतीची पहिली फेरी कोणत्या आठवड्यात धरली आहे. ज्याच्या हातात खरी जागा असते त्याला या दोन्ही गोष्टी माहीत असतात. 'रेझ्युमे पाठवून ठेवा, योग्य संधी आली की कळवू' असे उत्तर आले की जाहिरात कोणत्या प्रकारची आहे ते स्पष्ट होते. कन्सल्टन्सीकडून येणाऱ्या फोनवरही हीच कसोटी लागू पडते. शिवाय तिथे, कंपनीला काम मिळण्याआधीच निविदेसोबत जोडण्यासाठी रेझ्युमे गोळा केले जात असण्याची शक्यता असते. म्हणून 'क्लायंटने प्रकल्प दिला आहे की अजून बोलणी चालू आहेत' हा तिसरा प्रश्न मी तिथे विचारते.

पेमेंट्सच्या जागेबद्दल त्या कंपनीच्या रिक्रूटरला मी लिंक्डइनवर हेच लिहिले. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. ठरलेला उमेदवार नोटीसच्या शेवटच्या आठवड्यात फिरला होता आणि पहिली फेरी पुढच्या बुधवारपासून होती. त्या संध्याकाळी मी रेझ्युमे घेऊन बसले. तीन वर्षांपूर्वीच्या एका प्रकल्पात रात्रीच्या बॅचनंतर न जुळलेले व्यवहार शोधण्यासाठी मी लिहिलेल्या एपीआय चाचण्या शेवटच्या पानावरच्या एका ओळीत दडल्या होत्या. त्या पहिल्या पानावर आणल्या आणि सेलेनियमची अर्धी यादी काढून टाकली. विविध स्तरांच्या जाहिरातीवर मूळ रेझ्युमे जसाच्या तसा टाकला आणि दोन मिनिटांत तो विषय संपवला. तिथून स्वयंचलित पोच आली. पेमेंट्सच्या पहिल्या फेरीत मॅनेजरने सुरुवातीलाच, न जुळलेला व्यवहार बँकेच्या बाजूचा आहे की आपल्या, हे चाचणीत कसे ओळखले, असे विचारले आणि बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो.

दुसरी फेरीही झाली. त्यानंतर तिमाहीचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी कंपनीने सगळी भरती थांबवली. रिक्रूटरने हे मला फोन करून सांगितले, पण जाहिरात करिअर पानावर तशीच राहिली. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, जाहिरात काढायची तर रिक्विझिशन बंद करावी लागते, आणि एकदा बंद केली की पुन्हा मंजुरीसाठी वरपर्यंत जावे लागते. म्हणून मॅनेजर ती उघडीच ठेवायला सांगतात." त्या दिवसांत ते पान पाहणाऱ्या कोणालाही अलीकडचा क्रमांक, बदललेला मजकूर आणि तीस दिवसांची अट, असे सगळे जिवंत जागेसारखेच दिसले असते. पहिली फेरी कोणत्या आठवड्यात आहे, एवढे विचारले असते तरच जागा गोठलेली आहे हे त्याला कळले असते.